शिल्लक लाखाने वाढली, तरी वर्ष तुटीत कसं? ट्रस्टचे हिशेब पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या एका गल्लीत एक लहानसं वाचनालय आहे. ते चालवणाऱ्या ट्रस्टचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिते आहे. दर एप्रिलमध्ये विश्वस्तांच्या बैठकीत एकच प्रश्न हमखास येतो. 2025 च्या एप्रिलमध्येही आला. पासबुकात 31 मार्चला 1,84,500 रुपये होते, आदल्या वर्षी 85,000 होते. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "ताई, लाखभर उरलेत की! वाचनकक्षात एसी बसवून टाकू." त्याच बैठकीत मी दुसरा कागद समोर ठेवला. त्याच्या तळाशी लिहिलं होतं: तूट 4,500 रुपये.

दोन्ही कागद बरोबर होते. तुम्ही नुकतेच एखाद्या ट्रस्टचे खजिनदार किंवा हिशेबनीस झाला असाल, तर हे दोन आकडे एकाच वर्षातून कसे निघतात ते आधी समजून घ्या. बाकीचं काम त्यामानाने सोपं आहे. आमच्याच वर्षाचे आकडे गोल करून खाली मांडते.

आधी नावांचा गोंधळ

मराठीत आपण दोन्हींना सरसकट "जमाखर्च" म्हणतो, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. गुजरातीत दोन वेगळी नावं रुळलेली आहेत. रोख आणि बँकेतून किती आलं, किती गेलं हे सांगणारं ते आवक-जावक खातं. वर्षाचं खरं उत्पन्न आणि खरा खर्च सांगणारं ते ऊपज-खर्च खातं. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकात पहिल्याला "प्राप्ती आणि शोधन खाते" आणि दुसऱ्याला "उत्पन्न आणि खर्च खाते" म्हणतात. आपल्याकडचे सीए आणि धर्मादाय आयुक्तांची कचेरी गुजराती नावांनी बोलतात, म्हणून मी इथे आवक-जावक हाच शब्द वापरते, आणि ऊपज-खर्चाला उत्पन्न-खर्च म्हणते. मराठी कचेऱ्यांत "आवक-जावक" म्हणजे पत्रांची नोंदवही, तो अर्थ इथे मनात आणू नका.

गुजरातेत सार्वजनिक ट्रस्टना लागू असलेला कायदा मूळचा 1950 चा, मुंबई राज्याच्या काळातला. म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या ट्रस्टचे तक्ते आणि आपले तक्ते जवळजवळ सारखेच दिसतात. ताळेबंद अनुसूची 8 मध्ये आणि उत्पन्न-खर्च खातं अनुसूची 9 मध्ये. आवक-जावक खात्याला त्यात तसं मानाचं स्थान नाही, पण ते आधी तयार केल्याशिवाय बाकीचं काही हाती लागत नाही.

पहिली पायरी: पावती फाडतानाच निधी ठरवा

वर्षअखेरीला बसून "ही देणगी कशासाठी होती बरं?" असं आठवत बसण्यात अर्थ नसतो. पैसा आला त्या दिवशी, पावतीवरच, तो कोणत्या निधीचा हे लिहायचं. आमच्याकडे चार शिक्के आहेत: सर्वसाधारण, छप्पर, शिष्यवृत्ती, कायम.

सर्वसाधारण म्हणजे देणाऱ्याने काही अट घातलेली नाही. ट्रस्टच्या कुठल्याही उद्देशासाठी वापरता येतो. छप्पर हा एका कामापुरता बांधलेला पैसा, म्हणजे विवक्षित निधी. कायम म्हणजे कॉर्पस: मूळ रक्कम मोडायची नाही, ठेवीत ठेवायची आणि तिचं व्याज वापरायचं. आमच्या कायम निधीच्या व्याजातून मुलांना शिष्यवृत्ती देतात, म्हणून व्याजाचा निधी "शिष्यवृत्ती" असा वेगळा.

कायम निधीच्या बाबतीत एक कागद फार महत्त्वाचा आहे: देणाऱ्याचं लेखी पत्र. "ही रक्कम कायम निधीत घ्यावी" असं त्यांनी स्वतः लिहून दिलेलं हवं. विश्वस्तांनी ठराव करून एखादी साधी देणगी कायम निधीत टाकली, तर ट्रस्टच्या वह्यांत तसं दाखवता येईल, पण आयकरात ती कायम निधीची देणगी धरली जात नाही. ती त्या वर्षाचं उत्पन्नच राहते. 2024-25 मध्ये एका बाईंनी वडिलांच्या स्मरणार्थ एक लाख दिले. चेकसोबत पत्र नव्हतं. मी त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन दोन ओळींचं पत्र घेऊन आले. मार्चनंतर मागायला गेलं की तारीख मागची टाकायची का, असा अवघड प्रसंग उभा राहतो, आणि ते करायचं नसतं.

जाण्याच्या बाजूलाही तेच. प्रत्येक व्हाउचरवर निधीचा शिक्का. टॅली वापरत असाल तर प्रत्येक निधीचं वेगळं कॉस्ट सेंटर करा. एक्सेल असेल तर एकच रोजमेळ ठेवा, निधीनिहाय वेगळ्या शीट्स करू नका. त्या पुढे एकमेकींशी जुळत नाहीत. डी स्तंभात निधी, ई मध्ये आवक, एफ मध्ये जावक, आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लकही निधीनिहाय पहिल्या ओळींत. मग कुठल्याही दिवशी छपराच्या निधीत किती पैसे उरले ते असं कळतं:

```
=SUMIFS(E:E,D:D,"छप्पर")-SUMIFS(F:F,D:D,"छप्पर")
```

दुसरी पायरी: आवक-जावक खातं

हे म्हणजे पासबुक आणि रोख पेटीचा सारांश. नियम एकच: 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात पैसा खरोखर हलला असेल तर लिहा, नाहीतर नाही. तो कोणत्या वर्षाचा, घरखर्चाचा की कपाटाचा, हे इथे विचारायचं नाही. आमचं 2024-25 चं असं होतं:

| आवक | रुपये |
|---|---|
| सुरुवातीची शिल्लक | 85,000 |
| सभासद वर्गणी | 62,000 |
| सर्वसाधारण देणग्या | 90,000 |
| छपरासाठी देणग्या | 3,00,000 |
| कायम निधीसाठी देणगी | 1,00,000 |
| ठेवीवरचं व्याज | 35,000 |
| रद्दी विक्री | 2,500 |
| एकूण | 6,74,500 |

| जावक | रुपये |
|---|---|
| ग्रंथपालांचा पगार (11 महिने) | 77,000 |
| लाइट बिल | 27,000 |
| वर्तमानपत्रं, मासिकं | 18,000 |
| ऑडिट फी व किरकोळ | 16,000 |
| नवी कपाटं | 40,000 |
| छपराची दुरुस्ती | 1,80,000 |
| शिष्यवृत्त्या | 32,000 |
| नवी मुदत ठेव | 1,00,000 |
| अखेरची शिल्लक | 1,84,500 |
| एकूण | 6,74,500 |

अखेरची शिल्लक पासबुकाशी आणि पेटीतल्या रोखीशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. दिलेले पण अजून न वटलेले चेक असतील तर त्यांची यादी जोडून जुळवा. इथे पाच रुपयांचाही फरक "किरकोळ"मध्ये टाकून पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं याच पायावर उभं आहे.

एक नेहमीची चूक सांगते. जुनी ठेव मुदत संपून पुन्हा गुंतवली, तर बँकेच्या उताऱ्यात पाच लाख आले आणि पाच लाख गेले असं दिसतं. आवक-जावक खात्यात ते दोन्ही बाजूंना येईल, आणि ते बरोबरच आहे. पण ते उत्पन्न नव्हे. नवीन हिशेबनीस पुष्कळदा ही रक्कम व्याजात मिळवून टाकतात. ठेवीच्या पावतीवरून मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं काढा. बँकेने टीडीएस कापला असेल तर उत्पन्न म्हणून पूर्ण व्याज धरा आणि कापलेली रक्कम आयकर खात्याकडून येणे दाखवा.

तिसरी पायरी: प्रत्येक ओळीला तीन प्रश्न

आता आवक-जावक खातं समोर ठेवा आणि एकेक ओळ हातात घ्या. ही रक्कम याच वर्षाची आहे का? ती खरंच उत्पन्न किंवा खर्च आहे, की मालमत्ता, ठेव किंवा कायम निधी? आणि ती सर्वसाधारण आहे की एखाद्या निधीची बांधलेली?

वर्गणीपासून सुरू करू. 62,000 आले. त्यात 4,000 आदल्या वर्षीची थकबाकी होती, आणि 5,000 काही सभासदांनी पुढच्या वर्षाचे आगाऊ भरले होते. ते दोन्ही वजा. उलट या वर्षाचे 6,000 अजून यायचे आहेत, ते मिळवा. म्हणजे या वर्षाची खरी वर्गणी 59,000. येणे धरताना मात्र हात आखडता ठेवा. जे सभासद गाव सोडून गेले, दोन वर्षं फिरकले नाहीत, त्यांची वर्गणी येणे दाखवू नका. कागदावर उत्पन्न वाढतं आणि पुढे ते बुडीत म्हणून काढावं लागतं. देणगीचं नुसतं आश्वासन तर कधीच येणे म्हणून लिहू नका.

पगार 77,000 दिला, पण तो अकरा महिन्यांचा. सही करणारे विश्वस्त बाहेरगावी होते म्हणून मार्चचे 7,000 एप्रिलमध्ये गेले. ग्रंथपालांनी काम बारा महिने केलं, म्हणून खर्च 84,000 आणि 7,000 देणे. लाइट बिलात उलटं: 27,000 पैकी 3,000 आदल्या वर्षीचं बिल, म्हणून या वर्षाचे 24,000.

कपाटांचे 40,000 खर्चात येत नाहीत. ती मालमत्ता आहे, ताळेबंदात जाते, आणि खर्चात येतो फक्त घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी झिजणारी किंमत. जुनं फर्निचर 1,20,000 चं होतं, त्यावर 10 टक्क्यांनी 12,000. कपाटं डिसेंबरमध्ये घेतली म्हणून त्यांच्यावर अर्ध्या दराने 2,000. एकूण 14,000. या 14,000 साठी कोणाला एक रुपयाही दिलेला नाही, म्हणून आवक-जावक खात्यात घसारा कधीच दिसणार नाही. दिसला तर समजा, कुणीतरी दोन्ही खात्यांची सरमिसळ केली आहे.

एक लाखाची कायम देणगी उत्पन्न नाही. ती थेट ताळेबंदात निधीच्या बाजूला. तिची ठेव मालमत्तेच्या बाजूला. छपराचे तीन लाख आणि व्याजाचे 35,000 आपापल्या निधीत.

एवढं केल्यावर सर्वसाधारण कामकाजाचं उत्पन्न-खर्च खातं उरतं ते असं:

| | रुपये |
|---|---|
| वर्गणी | 59,000 |
| देणग्या | 90,000 |
| रद्दी | 2,500 |
| उत्पन्न | 1,51,500 |
| पगार | 84,000 |
| लाइट | 24,000 |
| वर्तमानपत्रं, मासिकं | 18,000 |
| ऑडिट फी व किरकोळ | 16,000 |
| घसारा | 14,000 |
| खर्च | 1,56,000 |
| तूट | 4,500 |

म्हणजे वाचनालय रोज चालवायला जेवढं लागतं तेवढं त्याच्या स्वतःच्या कमाईतून निघालं नाही. ही गोष्ट पासबुक कधीच सांगणार नाही, कारण छपराच्या पैशांनी ती झाकली गेली होती.

चौथी पायरी: निधींचा तक्ता

बांधलेल्या पैशांचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडा आणि ताळेबंदाला जोडा. छप्पर: सुरुवातीला शून्य, आले 3,00,000, गेले 1,80,000, उरले 1,20,000. शिष्यवृत्ती: आधीचे 12,000, व्याज 35,000, वाटले 32,000, उरले 15,000. कायम: 5,00,000 अधिक 1,00,000, म्हणजे 6,00,000, आणि समोर तेवढ्याच ठेवी.

इथे ऑडिटरशी आधीच बोलून घ्या, कारण मांडणीच्या दोन पद्धती आहेत. मी वर दाखवली ती निधीतून परस्पर खर्च वजा करण्याची. दुसरीत छपराची दुरुस्ती आणि शिष्यवृत्त्या उत्पन्न-खर्च खात्याच्या खर्च बाजूला दाखवतात आणि तेवढीच रक्कम निधीतून काढून उत्पन्नाच्या बाजूला आणतात. अनुसूची 9 मध्ये त्यासाठी ओळी आहेतच: एका बाजूला ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च आणि निधीकडे वर्ग केलेली रक्कम, दुसऱ्या बाजूला निधीतून वर्ग केलेली. तूट दोन्हीत 4,500 च येते. मला कचेरीत द्यायच्या प्रतीसाठी दुसरी पद्धत बरी वाटते. शिष्यवृत्तीवर आपण 32,000 खर्च केले हे तिथे एका नजरेत दिसतं, नाहीतर ट्रस्टने आपल्या उद्देशावर फारसं काही केलंच नाही असा समज होतो. विश्वस्तांना समजावताना मात्र पहिलीच पद्धत उपयोगी पडते.

आयकराच्या बाबतीत या मांडणीवर विसंबू नका. छपराची देणगी आपण वह्यांत थेट निधीत नेली, तरी ती कायम निधीची नसल्यामुळे आयकराच्या हिशेबात ती या वर्षाच्या उत्पन्नात मोजली जाते, आणि उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्देशांवर खर्च करण्याचा नियम तिलाही लागू होतो. 1,20,000 पुढच्या वर्षी वापरायचे असतील तर ते साठवून ठेवण्याचा अर्ज मुदतीत करावा लागेल का, हे सीएंना बैठकीनंतर लगेच विचारा, सप्टेंबरमध्ये नको. शिवाय 2022 च्या वित्त कायद्यापासून हे स्पष्ट आहे की खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्याच वर्षी तो उद्देशांवरचा खर्च म्हणून धरायचा. आमचा मार्चचा 7,000 पगार उत्पन्न-खर्च खात्यात 2024-25 चा, पण या नियमाखाली 2025-26 चा. आवक-जावक खातं फाईलला लावून ठेवायचं ते यासाठीसुद्धा.

पाचवी पायरी: ताळेबंद जुळतो का ते पाहा

मालमत्तेच्या बाजूला: फर्निचर 1,46,000, ठेवी 6,00,000, वर्गणी येणे 6,000, रोख व बँक 1,84,500. बेरीज 9,36,500. दुसऱ्या बाजूला: कायम निधी 6,00,000, छप्पर 1,20,000, शिष्यवृत्ती 15,000, आगाऊ वर्गणी 5,000, पगार देणे 7,000, आणि उत्पन्न-खर्च खात्याची शिल्लक. ती गेल्या वर्षी 1,94,000 होती, त्यातून तूट 4,500 वजा, उरले 1,89,500. बेरीज 9,36,500.

जुळलं नाही तर आधी तिसऱ्या पायरीकडे परत जा. माझ्या अनुभवात फरक बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या येण्या-देण्यात असतो: या वर्षाची थकबाकी धरली, पण गेल्या वर्षीची वजा करायची राहिली. आमच्याकडे तसं झालं असतं तर वर्गणी 63,000 दिसली असती, गेल्या वर्षीचे 4,000 ताळेबंदात येणे म्हणून लोंबकळत राहिले असते. ताळेबंद अशा वेळी जुळूनही जातो, म्हणून येण्याची यादी नावानिशी तपासा.

एसीचं काय?

आता त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. 1,84,500 मधून छपराचे 1,20,000 आणि शिष्यवृत्तीचे 15,000 बाजूला काढा. राहिले 49,500. त्यातून पगार देणे 7,000 आणि आगाऊ वर्गणीचे 5,000 काढा. ही वर्गणी पुढच्या वर्षाच्या सेवेची आहे. खरोखर मोकळे पैसे 37,500. आदल्या वर्षी याच रीतीने 70,000 होते. म्हणजे पासबुक लाखाने फुगलं, पण हाताशी असलेला पैसा जवळजवळ निम्म्यावर आला. त्याचं मुख्य कारण ती 40,000 ची कपाटं, आणि ही गोष्ट बैठकीत कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

छपराच्या पैशांतून एसी घेतला असता तर? पावसाळ्याआधी उरलेलं छप्पर करायची वेळ आली असती तेव्हा निधी कागदावर आणि पैसा एसीत. बांधलेला पैसा दुसऱ्या कामाला लावणं हा देणाऱ्याच्या अटीचा भंग आहे, आणि "उसने घेतले, परत करू" हे त्यावरचं उत्तर नाही. असं काही होतंय का हे ओळखायची खूण सोपी आहे. दर महिनाअखेरीला छप्पर आणि शिष्यवृत्ती या निधींची बेरीज करा आणि ती रोख व बँकेच्या शिल्लकेशी ताडून पाहा. शिल्लक कमी असेल तर बांधलेले पैसे आधीच खर्च झालेले आहेत, मग उत्पन्न-खर्च खात्यात वाढावा दिसत असो वा तूट. कायम निधीसाठी तीच तपासणी ठेवींच्या पावत्यांशी. आम्ही आता छपरासाठी वेगळं बचत खातंच उघडलं आहे. कायद्याने ते लागतंच असं नाही, पण पासबुक पाहून होणारा हा गैरसमज त्याने थांबतो.

1 एप्रिलला

नव्या वर्षाच्या वहीत पहिल्याच दिवशी चार गोष्टी लिहून ठेवा: निधीनिहाय शिल्लक, 6,000 वर्गणी येणे आणि ती कोणाकोणाकडून, 7,000 पगार देणे, 5,000 आगाऊ वर्गणी. एप्रिलमध्ये मार्चचा पगार द्याल तेव्हा तो नव्या वर्षाच्या पगारात धरू नका, देण्यातून कमी करा. नाहीतर पुढच्या मार्चमध्ये तेरा महिन्यांचा पगार दिसेल आणि कारण शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाईल.